ताबा तीन वर्षं लांबला तेव्हा: महारेराकडून व्याज मिळवण्याचा अनुभव

पुण्यात वाघोलीच्या बाजूला आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. करारनामा मार्च 2017 मध्ये नोंदवला आणि त्यात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2019 अशी स्पष्ट लिहिली होती. किंमत 50 लाख. तारीख उलटली तेव्हा आमचे 42 लाख भरून झाले होते, त्यातले बरेचसे बँकेच्या कर्जाचे. इमारतीचा सांगाडा उभा होता, लिफ्ट नव्हती, पाण्याची लाइन नव्हती आणि आम्ही घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरत होतो. बिल्डरचं नाव इथे लिहीत नाही. हे सगळं मांडते आहे ते त्याच कोंडीत अडकलेल्या माणसाला पुढची वाट दिसावी म्हणून.

पहिलं वर्ष फोन आणि साइटवरच्या भेटींत गेलं. "दिवाळीपर्यंत देतो", "पाडव्याला नक्की", आणि मग कोविड. या काळात एक काम मात्र आम्ही नेटाने केलं. प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी बिल्डरच्या ऑफिसला ईमेल पाठवायचा: आज आपण अमुक सांगितलंत, करारातली तारीख 31 डिसेंबर 2019 आहे आणि उशिराबद्दलचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. पुढे सुनावणीत बिल्डरच्या वकिलांनी "ग्राहकांनी तोंडी मुदतवाढ मान्य केली होती" असं म्हटलं, तेव्हा ही ईमेलची माळ आमच्या बाजूने बोलली.

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या लोकांची बैठक झाली. प्रत्येकाच्या तोंडी वेगळा रस्ता होता. एकाचं म्हणणं, दिवाळखोरी कायद्याखाली कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ. फ्लॅटधारकांना वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांसारखे, मानतात हे खरं, पण 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एकाच प्रकल्पातले किमान 100 किंवा एकूण खरेदीदारांपैकी 10 टक्के लोक एकत्र यावे लागतात. आमच्याकडे तेवढे लोक जमले असते. अडचण पुढची होती. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धच्या वसुलीच्या बाकी सगळ्या कारवाया थांबतात आणि कंपनी नव्या व्यवस्थापनाच्या हाती जाते. ज्या बिल्डरचे पैसे खरोखर संपले आहेत आणि काम कायमचं बंद पडलं आहे, तिथे हा रस्ता विचारात घ्यावा. आमच्याकडे काम रखडत का होईना, चालू होतं.

दुसरा पर्याय ग्राहक आयोगाचा. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा आल्याने तो बंद झालेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. मनस्तापाची भरपाई, भाड्याचा खर्च असं काही मागायचं असेल तर तिथे वाव अधिक असतो. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, एक दार निवडावं लागतं. आम्हाला हवी होती ती गोष्ट साधी होती: घर हवं, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज हवं. रेरा कायद्याच्या कलम 18 मध्ये नेमकी हीच गोष्ट लिहिलेली आहे, म्हणून आम्ही महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे गेलो.

कलम 18 खरेदीदाराला दोन वाटा देतं. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत, वर नुकसानभरपाई मागता येते. बाहेर पडायचं नसेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरच्या कोणत्याही सबबीवर तो अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितलं. निवड आपली असते, पण ती शांतपणे करायला हवी, कारण तक्रारीत नेमकी मागणी लिहावी लागते आणि पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटवाल्या कुटुंबाने बाहेर पडायचं ठरवलं. त्यांची नोकरी दुसऱ्या शहरात गेली होती. त्यांच्या हिशोबात आम्हा कुणाच्याच लक्षात न आलेली एक बाब होती, ती त्यांच्या वकिलाने दाखवली. करारनाम्यावर भरलेलं मुद्रांक शुल्क परत मिळवायचं तर करारनामा होऊन पाच वर्षांच्या आत रद्द करारनामा नोंदवायला हवा आणि त्या नोंदणीपासून सहा महिन्यांत परताव्याचा अर्ज करायला हवा. त्यांचा करारही 2017 चाच. महारेराच्या आदेशाची वाट पाहिली असती तर ती पाच वर्षं उलटली असती. म्हणून त्यांनी बिल्डरशी बोलून व्याजात थोडी सूट दिली, 2022 च्या सुरुवातीला रद्द करारनामा नोंदवला आणि पैसे घेऊन मोकळे झाले. परताव्यातून आधी बँकेचं कर्ज वळतं झालं, उरलं ते त्यांच्या हातात आलं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

आमची परिस्थिती वेगळी होती. 2017 चा भाव आता त्या भागात मिळत नव्हता. 42 लाख सरळव्याजाने परत घेऊन त्याच परिसरात तसा फ्लॅट घेता आला नसता. म्हणून आम्ही थांबायचं ठरवलं आणि जुलै 2021 मध्ये तक्रार दाखल केली.

तक्रार ऑनलाइन होते, शुल्क 5 हजार रुपये. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की बिल्डरची माहिती आपोआप येते. सोबत आम्ही करारनाम्याची प्रत, सगळ्या पावत्या, बँकेने बिल्डरला दिलेल्या हप्त्यांचं पत्रक आणि ईमेल जोडले. मागणीच्या रकान्यात मोठा मजकूर लिहिण्याचा मोह होतो. आम्ही चारच ओळी लिहिल्या: करारातली तारीख, भरलेली रक्कम, 1 जानेवारी 2020 पासून भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळेपर्यंत कलम 18 नुसार व्याज, आणि तक्रारीचा खर्च. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला. भाड्याचे पैसे आम्ही मागितले नाहीत, कारण प्रकल्पात राहणाऱ्याला कलम 18 व्याज देतं, भाडं देत नाही. नसलेल्या हक्काची मागणी घातली की चर्चा तिकडेच वाहत जाते.

तक्रार ताबा घेण्यापूर्वी करणं फार महत्त्वाचं आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, किल्ली घेतल्यावर मग व्याजासाठी आलेल्या लोकांच्या तक्रारी फेटाळल्या गेल्याची उदाहरणं आम्ही आदेश वाचताना पाहिली. अपिलात काहींना दिलासा मिळाला असेल, पण ती लढाई मुळात का ओढवून घ्यायची?

सुनावणीला वेळ लागला. मधल्या काळात, मे 2022 मध्ये, बिल्डरकडून गोड भाषेतलं एक पत्र आलं: आपल्या सोयीसाठी फर्निचरच्या कामाकरिता फ्लॅटचा ताबा देत आहोत, सोबतच्या पावतीवर सही करून किल्ली न्यावी. भोगवटा प्रमाणपत्र तेव्हा नव्हतंच. हे पत्र म्हणजे उशिराचं घड्याळ थांबवण्याचा खटाटोप असतो. पावतीत बारीक अक्षरात "ताबा मिळाला, कोणतीही तक्रार नाही" असं वाक्य होतं. आमच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी सुतारकाम सुरू होईल या आनंदात सही केली आणि पुढे बिल्डरने त्यांच्या बाबतीत व्याज मे 2022 ला थांबलं असा पवित्रा घेतला. आम्ही लेखी उत्तर पाठवलं: भोगवटा प्रमाणपत्राची प्रत द्या, त्याशिवाय हा कायदेशीर ताबा आम्ही मानत नाही. उत्तर आलं नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये सुनावणी लागली, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. आधी विचारणा झाली की सलोखा मंचाकडे जायची तयारी आहे का. तिथे ग्राहकांचा एक आणि बिल्डरांचा एक प्रतिनिधी बसून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात आणि दोन्ही बाजू राजी असतील तरच प्रकरण जातं. बिल्डरचा प्रस्ताव होता दोन वर्षांचा देखभाल खर्च माफ, म्हणजे जेमतेम लाखभर रुपये, आणि बदल्यात तक्रार मागे. आम्ही नाही म्हटलं.

बिल्डरचे दोन बचाव होते. पहिला असा की महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख 31 डिसेंबर 2022 आहे, म्हणजे उशीर झालेलाच नाही. रेरा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा चालू प्रकल्पांना नोंदणी करावी लागली आणि नोंदणी करताना बिल्डरने ही नवी तारीख स्वतःच टाकली होती. पण ती तारीख प्रकल्पाच्या नोंदणीची. खरेदीदाराला दिलेलं वचन करारनाम्यात असतं आणि व्याज त्या तारखेपासून मोजायचं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हे सांगितलं आहे. आमच्या वकीलबाईंनी निकालातला तेवढाच परिच्छेद वाचला आणि हा मुद्दा तिथेच मिटला. संकेतस्थळावरची लांबची तारीख पाहून "आता काय करणार" म्हणत गप्प बसलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. त्यांनी आपला करारनामा काढून ताब्याचं कलम वाचावं.

दुसरा बचाव कोविडचा. आमची तारीख कोविडच्या आधीच उलटली होती, तरी प्राधिकरणाने मार्च 2020 पासूनचे सहा महिने व्याजाच्या हिशोबातून वगळले. त्या काळासाठी महारेराने स्वतःच सवलतीचा आदेश काढला होता. मजुरांची टंचाई, वाळूची टंचाई, परवानग्यांना उशीर ही बाकीची यादी मान्य झाली नाही. या गोष्टी धंद्याचा भाग आहेत, युद्ध किंवा पूर-भूकंपासारखी आपत्ती नव्हेत.

आदेश नोव्हेंबरमध्ये आला. व्याजाचा दर महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधारभूत दर, अधिक 2 टक्के. सोबत दोन गोष्टी होत्या, ज्या वाचून मी आधी हिरमुसले. व्याज फक्त फ्लॅटच्या किमतीपोटी भरलेल्या रकमेवर धरायचं, मुद्रांक शुल्क आणि कर त्यात नाहीत. आणि रक्कम भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर द्यायची, म्हणजे बांधकामाचे पैसे आत्ताच काढले जाऊन प्रकल्प अडू नये. आमची काही बाकी असेल तर तिच्याशी व्याजाची वळती करण्याची मुभाही होती. थांबून विचार केल्यावर पटलं की प्रकल्पात राहणाऱ्याच्या हिताचं हेच आहे. इमारत अर्धवट राहिली तर व्याज घेऊन काय करायचं?

भोगवटा प्रमाणपत्र 28 फेब्रुवारी 2023 ला मिळालं. आता आमचा हिशोब सविस्तर सांगते, कारण इथे लोक गोंधळतात. 1 जानेवारी 2020 ते 28 फेब्रुवारी 2023 म्हणजे 38 महिने. वगळलेले सहा गेले, राहिले 32. समजायला सोपं जावं म्हणून दर साडेदहा टक्के धरू. 42 लाखांवर महिन्याचं व्याज 36,750 रुपये, 32 महिन्यांचं 11,76,000. शिवाय ऑक्टोबर 2021 च्या शेवटी आम्ही आणखी 3 लाख भरले होते. त्यांचं व्याज 1 नोव्हेंबर 2021 पासून, म्हणजे 16 महिन्यांचं, दरमहा 2,625 प्रमाणे 42,000. एकूण 12,18,000. हे सरळव्याज आहे, व्याजावर व्याज लागत नाही. प्रत्येक हप्त्याची तारीख वेगळी धरावी लागते, म्हणून पावती, बँकेचं पत्रक आणि बिल्डरची खातेवही तिन्ही जुळवून तक्ता करावा. बिल्डरने केलेल्या तक्त्यात आमचे 3 लाख गायबच होते.

आमच्याकडून 5 लाख द्यायचे राहिले होते. वळती केल्यावर बिल्डरकडून आम्हाला 7,18,000 येणं होतं. मार्चमध्ये बिल्डरचं डिमांड लेटर आलं ते मात्र पूर्ण 5 लाखांचं, जणू आदेश झालाच नाही. सोबत ताबापत्राचा नमुना होता आणि त्यात "उशिराबद्दल कोणतीही मागणी नाही" हे कलम होतं. आम्ही ते कलम खोडलं, शेजारी "महारेराच्या आदेशानुसारचे हक्क राखून" असं लिहून सही केली आणि त्याच दिवशी ईमेलही केला. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅडम, असं चालत नाही, साहेब किल्ली देणार नाहीत." भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा देणं ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी आहे आणि प्राधिकरणाचा आदेश हातात आहे, एवढं आम्ही शांतपणे लिहून दिलं. आठवड्यात किल्ली मिळाली. करापोटीची रक्कम आम्ही वेगळी भरली, 5 लाख भरले नाहीत.

बिल्डरने अपील केलं नाही. अपिलासाठी 60 दिवसांची मुदत असते आणि बिल्डरला अपील चालवायचं तर खरेदीदाराला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासह आधी अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते. कलम 43(5) मधली ही अट खरेदीदाराचं मोठं संरक्षण आहे. मुदत संपली तरी पैसेही आले नाहीत. आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं नसतं, हे इथे कळतं. मग आदेशाचं पालन झालं नाही असा अर्ज आम्ही महारेराकडे केला. त्यावर पुन्हा सुनावणी झाली आणि 2023 च्या अखेरीस वसुलीचं वॉरंट निघालं. कलम 40 नुसार ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे.

आमच्या सोसायटीत निवृत्त तलाठी असलेले एक काका आहेत. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. "वॉरंट म्हणजे कागद. तहसील कार्यालयात असे कागद ढिगाने असतात. जप्त काय करायचं ते तुम्ही शोधून द्या, मग कागद हलतो." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोन दिवस बसून यादी केली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पातले न विकलेले फ्लॅट दिसतात, ते टिपले. बिल्डरच्या कंपनीच्या नावावर शेजारच्या गावात जमीन होती, तिचा सातबारा काढला. न विकलेल्या फ्लॅटपैकी कुठल्यांवर बँकेचा बोजा आहे हे तपासून ते यादीत खाली टाकले, कारण तिथे बँक आडवी येते आणि महिने जातात. ही यादी, वॉरंटची प्रत आणि हिशोबाचा तक्ता असं एका फायलीत घालून तहसील कार्यालयात दिलं आणि पोच घेतली. काका म्हणाले, "पोचेवर तारीख आणि शिक्का बघ, मगच जिना उतर."

मागणीची नोटीस निघाली, ती दुर्लक्षित झाली. मग दोन मोकळ्या फ्लॅटांवर आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची कारवाई सुरू झाली. बिल्डर खरा हलला तो इथे, कारण बोजा असलेली जमीन त्याला पुढच्या प्रकल्पासाठी वापरता येईना आणि फ्लॅट विकता येईनात. त्याच्या वकिलांचा फोन आला. 5 लाखांवर मिटवा, असं म्हणाले. वॉरंट निघालेलं असताना सूट देण्याचं काही कारण नव्हतं. शेवटी 7,18,000 तीन चेकांत द्यायचं ठरलं, लेखी संमतीपत्रावर. त्यात आमच्या वकीलबाईंनी एक ओळ आग्रहाने घालून घेतली: एखादा चेक परत गेला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल आणि वसुली आहे तिथून पुढे चालू राहील. ही रक्कम व्याजाची असल्याने ती प्राप्तिकरात दाखवावी लागेल, हे आमच्या सीएंनी सांगितलं, तेही हिशोबात धरून ठेवावं.

तिसरा चेक खात्यात जमा झाल्याचं बँकेचं पत्रक हातात आल्यावरच वसुली पूर्ण झाल्याचं पत्र आम्ही तहसीलदारांना आणि महारेराला दिलं. बिल्डरला ते पहिल्या चेकबरोबरच हवं होतं.